मेसेज पुसला गेला, की पुसू दिला गेला?

‘तो मेसेज डिलीट झाला आहे, आता आम्ही तरी काय करणार?’ हे वाक्य हल्ली चौकशीच्या टेबलावर, कंत्राटदाराच्या कचेरीत आणि (सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे) आपल्या स्वतःच्या शाखांच्या बैठकांतही ऐकू येऊ लागले आहे. ‘डिलीट झाला’ असे म्हटले की पाऊस पडला, वीज गेली, तसा तो मेसेजही आपोआप गेला असे ऐकणाऱ्याला वाटते. कोणी पुसला, कोणाच्या परवानगीने पुसला, पुसल्यावर त्याची नक्कल कोठे राहिली, हे प्रश्नच मग उभे राहत नाहीत. आमचे म्हणणे असे की हे वाक्य बहुतेक वेळा अर्धसत्य असते, आणि कामगाराने ते तसेच स्वीकारणे म्हणजे हातातला पुरावा आपणहून परत करणे होय.

आधी एक घोटाळा दूर करू. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि कार्यालयीन गप्पांचे ‘वर्कस्पेस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये मेसेज राहतो तो ज्याच्या त्याच्या फोनवर. ग्रुपचा अ‍ॅडमिन माणसे घेऊ शकतो, काढू शकतो, दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसूही शकतो; पण पुसलेला मेसेज परत आणण्याची कोणतीही किल्ली त्याच्याकडे नसते. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल चॅट यांसारख्या वर्कस्पेसचे तसे नाही. तेथे मेसेज राहतो तो कंपनीने भाड्याने घेतलेल्या जागेत, आणि त्या जागेचा एक मालक व काही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतात. मेसेज किती दिवस ठेवायचा, पुसल्यावर त्याची नोंद ठेवायची की नाही आणि सगळा साठा एका गठ्ठ्यात बाहेर काढायचा की नाही, हे ते ठरवतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत ‘आता काही करता येत नाही’ हे उत्तर कदाचित प्रामाणिक असेल. वर्कस्पेसच्या बाबतीत तेच उत्तर तपासल्याशिवाय मान्य करू नये.

रायपूरचेच घ्या. 2003 साली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली तेव्हा बिलासपूर मुख्यालयाखाली रायपूर हा वेगळा विभाग उभा राहिला. छत्तीसगडच्या डाक परिमंडळाचे मुख्यालयही रायपुरातच आहे. नागपूर, गोंदियाकडून बदली होऊन आलेली मराठी कुटुंबे या दोन्ही खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खात्याच्या कायम कर्मचाऱ्याला आजही लेखी आदेश, मेमो, निदान सही घेतलेली नोटीस मिळते. पण त्याच फलाटावर, त्याच डाक कार्यालयाच्या आवारात काम करणारा कंत्राटी माणूस ज्याच्या हुकमाखाली असतो, त्याचा हुकूम आता कागदावर येत नाही. तो फोनच्या पडद्यावर येतो, आणि पडद्यावरून जातोही.

आपल्या खात्यांत नोंदीला काय किंमत आहे ते आपल्याला कोणी शिकवायला नको. स्टेशन मास्तरच्या ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये चूक झाली तर ती खोडरबराने पुसायची नाही. एक रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला सही करायची. कंट्रोलच्या फोनवरचे बोलणे ध्वनिमुद्रित होते. पोस्टात रजिस्टर पत्राची पावती एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरी सही लागत असे. हे नियम कामगारांवर अविश्वास म्हणून केलेले नाहीत. अपघात झाल्यावर ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ असे म्हणायला वरिष्ठालाही जागा राहू नये, हाही त्यांचा हेतू आहे. मग तोच हुकूम चॅटवर दिला की रेघ मारून सही करण्याचा नियम कोठे गेला?

तो नियम वर्कस्पेसमध्येही आहे. फक्त तो चालू ठेवायचा की बंद, हे एका बटणावर आहे. स्लॅकचे उदाहरण घेऊ, कारण हा सारा प्रकार त्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. वर्कस्पेसच्या मालकाला मेसेज जतन करण्याची मुदत ठरवता येते. त्याला तेथे ‘रिटेन्शन’ म्हणतात. पैसे भरून घेतलेल्या योजनेत ढोबळमानाने तीन पर्याय असतात. पहिला: सर्व मेसेज ठेवा, आणि कोणी मेसेज बदलला किंवा पुसला तर मूळ मजकूरही ठेवा. दुसरा: सर्व मेसेज ठेवा, पण बदललेल्या वा पुसलेल्याची नोंद ठेवू नका. तिसरा: अमुक दिवस झाले की मेसेज कायमचा काढून टाका. पहिला पर्याय म्हणजे आपले रेघ मारून सही करण्याचे रजिस्टर. दुसरा म्हणजे खोडरबर. तिसरा म्हणजे ठरावीक दिवशी रजिस्टरच बंबात घालणे.

यातली मेख अशी की पहिला पर्याय पुढे पाहतो, मागे पाहत नाही. काल खोडरबर चालू होते आणि आज सकाळी मालकाने नोंद ठेवण्याचा पर्याय निवडला, तर काल पुसलेला मजकूर आज उगवत नाही. आमच्यातले काही साथी म्हणतात, ‘प्रकरण कोर्टात जाऊ द्या, मग एखादा कॉम्प्युटरवाला बोलावून सगळे बाहेर काढू.’ याला बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. तो मजकूर कंपनीच्या कॉम्प्युटरवर नसतोच. तो असतो सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीच्या यंत्रांवर, आणि तेथून तो नियमाप्रमाणे काढून टाकला की कॉम्प्युटरवाल्याला खणायला जमीनच उरत नाही. मेसेज परत मिळेल की नाही हे पुसल्यानंतरच्या धावपळीवर ठरत नाही. पुसण्याच्या क्षणी बटण कोठे होते, त्यावर ते ठरलेले असते.

फुकटच्या योजनेत तर मुदत सेवा देणारी कंपनीच ठरवते. स्लॅकने 2022 च्या सप्टेंबरपासून फुकट वर्कस्पेसमध्ये 90 दिवसांपलीकडचे मेसेज झाकायला सुरुवात केली, आणि 2024 च्या ऑगस्टपासून एक वर्षाहून जुने मेसेज कायमचे काढून टाकायला सुरुवात केली. झाकलेला मेसेज पैसे भरले की परत दिसतो. काढलेला दिसत नाही. आपल्या काही शाखा खर्च वाचवण्यासाठी फुकट योजना वापरत असतील, तर त्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

आता हे सर्व एका प्रकरणावर लावून पाहू. प्रकरण कल्पित आहे, पण अशी परिस्थिती कोठेही उद्भवू शकते. समजा, रायपूर स्टेशनवर पार्सल उतरवण्याचे काम एका कंत्राटदाराकडे आहे आणि त्याचे मुकादम एका स्लॅक वर्कस्पेसवर हुकूम देतात. रात्रपाळीसाठी एक खुले चॅनल आहे. 12 जून 2024 च्या रात्री 10 वाजून 12 मिनिटांनी मुकादम लिहितो की माणसे कमी असली तरी जड पेट्या दोघांनीच उतरवा, गाडी थांबणार नाही. एक हमाल त्याच मेसेजखाली उत्तर देतो, ‘साहेब, आम्ही दोघेच आहोत, पेटी झेपणार नाही.’ अर्ध्या तासाने पेटी घसरते आणि दुसऱ्या हमालाचे पाऊल चिरडते. सकाळी मुकादमाचा मेसेज गायब असतो. कंत्राटदार म्हणतो, माणसांनी स्वतःच्या मनाने पेटी उचलली.

युनियन काय मागणार? वर्कस्पेसचा एक्स्पोर्ट, म्हणजे साठ्याची अधिकृत नक्कल. खुल्या चॅनलचा एक्स्पोर्ट वर्कस्पेसच्या मालकाला किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला स्वतःच्या पडद्यावरून काढता येतो. त्यासाठी सेवा देणाऱ्या कंपनीच्या परवानगीची गरज नसते. तारखा निवडायच्या, बटण दाबायचे, गठ्ठा तयार झाला की ईमेल येते आणि एक झिप फाइल उतरवून घेता येते. ‘हे आम्हाला करता येत नाही’ असे जो म्हणतो त्याने आधी आपण मालक वा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाही हे सिद्ध करावे, आणि मग तो कोण आहे ते सांगावे.

झिप उघडली की आत `channels.json` आणि `users.json` या दोन याद्या असतात, आणि प्रत्येक चॅनलच्या नावाची एक पेटी. त्या पेटीत प्रत्येक दिवसाची वेगळी फाइल असते, नाव तारखेचे: `2024-06-12.json`. या साध्या मजकुराच्या फाइली आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात. रात्रपाळीचे प्रकरण असेल तर मागच्या आणि पुढच्या दिवसाची फाइलही उघडावी. मध्यरात्रीच्या आसपासचा मेसेज शेजारच्या फाइलीत असू शकतो आणि घाईत ‘नाही सापडला’ असा शेरा पडतो.

बटण पहिल्या पर्यायावर होते असे धरा. मग मुकादमाचा मूळ मजकूर, आणि तो पुसला गेल्याची नोंद, दोन्ही गठ्ठ्यात मिळतील. प्रकरण तेथेच पुष्कळसे संपले. मुकादमाने फोनवरून पुसले ते इतरांच्या पडद्यावरून गेले, साठ्यातून नाही.

आता बटण दुसऱ्या पर्यायावर होते असे धरा. कंत्राटदार छाती पुढे काढून गठ्ठा देईल, कारण मुकादमाचा मजकूर त्यात नाही हे त्याला ठाऊक आहे. येथे बहुतेक जण हार मानतात. मानू नये. हमालाने दिलेले उत्तर त्याच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि ते कोणी पुसलेले नाही. एक्स्पोर्टमध्ये ते असे दिसेल:

```
{
  "type": "message",
  "user": "U05HAMAL",
  "text": "साहेब, आम्ही दोघेच आहोत, पेटी झेपणार नाही",
  "ts": "1718210640.000300",
  "thread_ts": "1718210520.000200"
}
```

(सभासदांचे क्रमांक येथे समजण्यासाठी सोपे केले आहेत, खरे क्रमांक नुसती अक्षरे व आकडे असतात आणि कोणता कोणाचा ते `users.json` मध्ये पाहावे लागते.) `ts` म्हणजे उत्तराची वेळ. `thread_ts` म्हणजे ज्या मेसेजला उत्तर दिले त्या मूळ मेसेजची वेळ. वेळ 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांत असते, तीही ग्रीनिचची. 1718210520 हा आकडा 12 जून 2024 च्या दुपारी 4 वाजून 42 मिनिटांचा होतो. त्यात साडेपाच तास मिळवा: रात्रीचे 10 वाजून 12 मिनिटे. म्हणजे मुकादमाने आपला मेसेज पुसला, पण हमालाच्या उत्तराच्या अंगावर त्याची वेळ तशीच उमटून राहिली. मजकूर काय होता हे यावरून कळत नाही, हे मान्य. पण ‘त्या वेळी कोणी काही लिहिलेच नव्हते’ हे म्हणणे खोटे पडते, आणि ‘पेटी झेपणार नाही’ हे उत्तर कशाला दिले होते याचा खुलासा करण्याची पाळी आता मुकादमावर येते.

शिवाय ज्या मेसेजखाली उत्तरे आहेत तो पुसला तर पडद्यावर त्या जागी `This message was deleted.` अशी ओळ उरते. ती ओळ दिसली की त्याच क्षणी, उत्तरासकट आणि वेळेसकट, पडद्याचा फोटो काढून ठेवावा. यावरून आमची सर्व साथींना एक सूचना आहे: धोक्याचा हुकूम आला तर नुसते ‘ठीक’ म्हणून वेगळा मेसेज टाकू नका. त्याच हुकमाखाली, ‘उत्तर’ या बटणाने, हुकमाचा आशय आपल्या शब्दांत लिहून उत्तर द्या. मूळ पुसला तरी आशय आणि वेळ तुमच्या उत्तरात राहील. फोनवरून तोंडी मिळालेला संदेश परत म्हणून दाखवण्याची सवय रेल्वेतल्या माणसाला आहेच. तीच येथे हवी.

तिसरा पर्याय राहिला. मुदत 90 दिवसांची ठेवली असेल तर 12 जूनचा सगळा संवाद, हुकूमही आणि उत्तरही, 10 सप्टेंबरच्या सुमारास कायमचा जातो. अपघात झाला, माणूस दवाखान्यात, घरचे भांबावलेले, शाखेने भरपाईचा दावा तयार केला ऑक्टोबरात. कंत्राटदार तेव्हा अत्यंत नम्रपणे सांगेल की आमच्याकडे काही नाही, आणि तो खरे बोलत असेल. येथे दोष त्याच्या खोटेपणाचा नाही, आपल्या उशिराचा आहे. म्हणून अपघाताच्या त्या आठवड्यातच पत्र गेले पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या महाग योजनांत विशिष्ट माणसांचे मेसेज मुदत संपली तरी रोखून धरण्याची सोय असते. छोट्या कंत्राटदाराकडे ती नसली तरी मुदत वाढवणे आणि तत्काळ एक्स्पोर्ट काढून ठेवणे त्याला जमते. एक मर्यादाही ध्यानात ठेवावी: या गठ्ठ्यात चॅनलवर टाकलेले फोटो किंवा कागद स्वतः येत नाहीत, त्यांचे दुवे येतात. फाइल पुसली गेली असेल तर दुवा रिकाम्या घराकडे नेतो. म्हणून फोटो वेगळे मागावेत.

आता मालकवर्गाच्या बाजूने येणाऱ्या एका आक्षेपाकडे वळू. ते म्हणतात, ‘तुम्ही लोक एकीकडे खाजगीपणाचा हक्क सांगता आणि दुसरीकडे सगळे मेसेज कायम ठेवा म्हणता. हे कसे?’ प्रश्न धूर्त आहे, पण पोकळ नाही, म्हणून उत्तर दिले पाहिजे. खुले चॅनल आणि दोघांमधला खाजगी संवाद हे वेगळे आहेत. स्लॅकमध्ये वरच्या दर्जाची योजना घेतलेला मालक, अर्ज करून मंजुरी मिळाल्यावर, खाजगी चॅनल आणि थेट संवादही बाहेर काढू शकतो. तेव्हा गठ्ठ्यात `groups.json` आणि `dms.json` या याद्या जास्तीच्या दिसतात. 2018 पर्यंत असे करताना सभासदांना सूचना जात असे. त्या वर्षी नियम बदलला आणि ती सूचना राहिली नाही. म्हणजे दोन कामगारांनी आपसात युनियनबद्दल काय बोलले हे मालक त्यांच्या नकळत वाचू शकतो, आणि स्वतःच्या मुकादमाचा हुकूम मात्र ‘डिलीट झाला’ म्हणतो! आमची मागणी उलटी आहे. कामाचा हुकूम खुल्या चॅनलवर द्या आणि त्याची पुसल्याची नोंद ठेवा. कामगारांचा आपसातला संवाद काढायचा असेल तर लेखी कारण, ठरावीक तारखा, ठरावीक माणसे आणि युनियनच्या प्रतिनिधीला पूर्वसूचना, याशिवाय नाही. आणि सभासदांना सांगणे असे की मालकाच्या वर्कस्पेसवर संपाची चर्चा करू नका. ती जागा तुमची नाही.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे, कारण तो आपल्याच वकिलांकडून येतो: ‘असा इलेक्ट्रॉनिक कागद कोर्टात चालत नाही, प्रमाणपत्र लागते आणि ते मालक देणार नाही.’ याला उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्या जालन्याने दिलेले आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूचे म्हणणे होते की खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी 3 ची मुदत टळल्यावर दाखल झाले, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांत ते दिसते. चित्रीकरणाच्या तबकड्या मिळाल्या, पण त्या खऱ्या असल्याचे जे प्रमाणपत्र तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब प्रमाणे लागत होते, ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 14 जुलै 2020 च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. मूळ यंत्रच कोर्टापुढे आणले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, त्यात सूट नाही. पण यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर मागणाऱ्याने न्यायालयाकडे अर्ज करावा, न्यायालय ते त्याच्याकडून मागवू शकते. आणि मागणाऱ्याने जे करता येणे शक्य होते ते सर्व केले असेल तर अशक्य गोष्टीसाठी त्याला शिक्षा होणार नाही. खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

जुना पुरावा कायदा आता गेला. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि प्रमाणपत्राची तरतूद त्याच्या कलम 63 मध्ये आहे. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक ज्याच्या ताब्यात यंत्र वा नोंद आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलीची ‘हॅश’ किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तो असा काढतात:

```
certutil -hashfile export.zip SHA256
```

झिप हातात पडली की आधी हा ठसा काढावा, कंत्राटदाराच्या माणसासमोर कागदावर लिहावा, दोघांनी सह्या कराव्यात, आणि मगच झिप उघडावी. झिप उघडून, फाइली नीटनेटक्या करून, पुन्हा बांधून दिलेला गठ्ठा म्हणजे सील तोडलेली टपालाची थैली. ती स्वीकारू नये हे पोस्टातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

खात्यांतर्गत चौकशीत पुरावा कायदा तंतोतंत लागत नाही, पण तेथे दुसरे हत्यार आहे. रेल्वे कर्मचारी शिस्त व अपील नियम, 1968 आणि पोस्टाकडे केंद्रीय नागरी सेवा नियम, 1965 या दोन्हींत आरोपी कर्मचाऱ्याला आरोपपत्रासोबत न जोडलेले, पण प्रशासनाच्या ताब्यातले कागद मागता येतात. मागताना तो कागद आपल्या बचावाशी कसा संबंधित आहे ते लिहावे लागते. तेथे ‘व्हॉट्सअ‍ॅपवरील सर्व मेसेज’ असे भोंगळ लिहिले की मागणी फेटाळली जाते. चॅनलचे नाव, तारीख, वेळ, आणि पुसल्याच्या नोंदीसह एक्स्पोर्ट, असे लिहिले की फेटाळणाऱ्याला कारण लिहावे लागते.

परदेशातले एक उदाहरण थोडक्यात. अमेरिकेत एपिक गेम्स या कंपनीने गूगलवर 2020 साली दावा लावला. गूगलच्या माणसांच्या आपसातल्या कित्येक गप्पा जतन न करण्याच्या पर्यायावर होत्या, त्यामुळे 24 तासांत पुसल्या जात होत्या, आणि दावा लागल्यावरही तो पर्याय बंद करणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले होते. न्यायाधीश जेम्स डोनॅटो यांनी 2023 च्या मार्चमध्ये गूगलला यासाठी दोषी धरले. डिसेंबरात ज्यूरीला सांगण्यात आले की पुसलेल्या गप्पांत गूगलच्या विरुद्ध काही होते असा निष्कर्ष तुम्ही काढू शकता. ज्यूरीने निकाल गूगलच्या विरुद्ध दिला. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला ‘डिलीट झाला’ म्हणून सुटता आले नाही. मात्र तेथे दाव्याची सूचना आधी पोचलेली होती, जतन करण्याची जबाबदारी त्यामुळे सुरू झालेली होती. आपल्याकडे ती सूचना पोचवणे हे शाखा सचिवाचे काम आहे.

शेवटचा मुद्दा घरचा. आपल्या फेडरेशनच्या शाखा, समन्वय समित्या यांनीही वर्कस्पेस उघडली असतील. तेथे मालक कोण आहे? बहुतेक ठिकाणी ज्या तरुण साथीने ती उघडली तोच, स्वतःच्या खाजगी ईमेलवर. त्याची बदली झाली, वाद झाला, तो दुसऱ्या युनियनमध्ये गेला, की संघटनेची सगळी लेखी स्मृती त्याच्या खिशात. कार्यकारिणीने एका बैठकीत ठराव करून किमान दोन मालक नेमावेत, जतनाचा पर्याय कोणता ते इतिवृत्तात लिहावे, तो बदलायचा झाल्यास पुन्हा ठराव लागेल असे ठरवावे, आणि दर तीन महिन्यांनी खुल्या चॅनलचा एक्स्पोर्ट काढून संघटनेच्या कपाटात ठेवावा. हे फुकट योजनेतही 90 दिवसांच्या आत करता येते. आपण मालकाकडे जे मागतो ते आपल्या घरी नसेल तर उद्या मालकाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

आणि कंत्राटदाराला पाठवायचे पत्र लांबलचक नको. पुढील मजकूर पुरेसा आहे. अपघात, मारहाण, तोंडी बडतर्फी यांपैकी काहीही घडले की त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवावा आणि प्रत मुख्य नियोक्त्याला, म्हणजे रेल्वेच्या वा पोस्टाच्या संबंधित अधिकाऱ्याला द्यावी:

‘आपल्या वर्कस्पेसमधील अमुक चॅनलवरील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे सर्व मेसेज, बदललेल्या व पुसलेल्या मेसेजच्या नोंदींसह, जतन करावेत. जतनाची मुदत सध्या किती आहे, पुसल्याची नोंद ठेवली जाते की नाही, आणि अमुक तारखेनंतर या सेटिंगमध्ये कोणी कोणता बदल केला, हे सात दिवसांत लेखी कळवावे. त्या काळाचा एक्स्पोर्ट काढून तो न उघडता आमच्या प्रतिनिधीसमोर त्याची हॅश नोंदवावी. हे पत्र मिळाल्यानंतर यातील काही नष्ट झाल्यास ते जाणूनबुजून नष्ट केले असे आम्ही न्यायालयात म्हणू.’

पोचपावती परत आली की ती दाव्याच्या फाइलीत सर्वांत वर लावावी. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर ते न फोडता तसेच ठेवावे.